कडू मागून येतं

आचाऱ्याच्या घरात कुणी जेवत नसेल तर त्या घराची काय दशा होते, ते त्या दोन दिवसांत आचाऱ्यालाच कळलं.

एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तो मुख्य आचारी होता. शेकडो लोक रोज त्याच्या हातचं खात, आणि त्यातल्या निम्म्यांना आपण काय खातोय याचा पत्ता नसे. पालक आवडत नाही म्हणणाऱ्याला तो पालकच घालायचा, फक्त दिसू द्यायचा नाही. भोपळ्याचं नाव काढलं की नाक मुरडणारे सुपरवायझर त्याच्याकडचा भोपळा बोटं चाटून खायचे. या गोष्टीचा त्याला भलता अभिमान होता. "माझ्या हातून पोटात काय गेलं, ते माझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही," असं तो मिशीवरून हात फिरवत म्हणायचा. नको तिथे अभिमान धरला की तो नको तिथेच पाडतो, पण हे त्याला तेव्हा कोण सांगणार?

त्याची मुलगी पाच वर्षांची. एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. ही भिंगरी एकाएकी पलंगावर निपचित पडली होती. ताप, खोकला, अंगदुखी. शाळेतली अर्धी मुलं याच तापाने घरी बसली होती. पण बाकीच्या मुलांचं एक होतं आणि भिंगरीचं वेगळं. तिला दमा होता. मागच्या थंडीत साध्या सर्दीने तिची छाती भरली आणि तिला दवाखान्यात नळीने ऑक्सिजन लावावा लागला. फासळ्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जाताना आचाऱ्याने पाहिली होती. ते दृश्य तो विसरला नव्हता आणि विसरणारही नव्हता.

म्हणूनच ताप आल्याबरोबर दोघं नवरा-बायको तिला उचलून डॉक्टरीणबाईंकडे पळाले. डॉक्टरीणबाईंनी नाकात काडी घालून तपासलं आणि फ्लू आहे म्हणून सांगितलं. "दमा आहे, म्हणून वाट बघायची नाही. ओसेल्टामिविर हे फ्लूचं औषध सुरू करू. ताप येऊन फार वेळ झालेला नाही, हे बरं झालं. लवकर सुरू केलं की जास्त उपयोग होतो. सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. पंपही चालू ठेवा." मग त्यांनी औषध मोजायच्या पिचकारीवर पेनाने खूण करून दिली. त्यानंतरही त्या बरंच काही बोलल्या. पण बायको तेव्हा बाहेर औषधाच्या दुकानात रांगेत उभी होती, आणि आचाऱ्याचे कान डॉक्टरीणबाईंकडे असले तरी डोळे भिंगरीच्या फासळ्यांकडे होते. माणसाचे डोळे एकीकडे आणि कान एकीकडे असले की कानातलं काही आत जात नाही. "सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस" एवढंच काय ते आत गेलं.

कॅन्टीनच्या मॅनेजरने त्याला सांगून टाकलं होतं, घरात ताप आहे तोवर अन्नाजवळ फिरकू नकोस. म्हणजे आचारी घरी, आणि हाताला काम नाही. त्याच्यासारख्या माणसाचे हात रिकामे राहिले की तो घरभर फिरतो, डबे उघडतो, बंद करतो आणि सगळ्यांच्या पायात येतो.

पहिला डोस त्याच संध्याकाळचा. वरच्या मजल्यावर राहणारी त्याची थोरली बहीण, म्हणजे भिंगरीची आत्या, खाली आली होती. आत्याला जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत होतं आणि ते दिल्याशिवाय तिला घास गिळत नसे.

"रिकाम्या पोटी दे, बाळ्या. रिकाम्या पोटी औषध लगेच लागू पडतं," आत्या म्हणाली.

तसंही भिंगरीने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. आचाऱ्याने बाटली हलवली, खुणेपर्यंत औषध ओढलं आणि पोरीच्या गालात सोडलं. तिने तोंड वेडंवाकडं केलं, गिळलं, आणि आई तिचं तोंड पुसतेय तोवर सगळं चादरीवर. औषध, पाणी आणि वर पिवळं कडू पित्त.

"अगंबाई!" आत्याने कपाळावर हात मारला. "हिला औषध लागत नाही हो. अंगात भरलेलं बाहेर टाकतंय शरीर."

"आता पुन्हा द्यायचं का?" बायकोने विचारलं. ती एका तयार कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर बसायची. तिथे सुई चुकली तर शिवण उसवून परत घालता येते. इथे काय करायचं ते तिला समजेना.

"गेलंच असेल थोडं," आचारी म्हणाला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. पण घरातला पुरुष म्हणून काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून तो बोलला. दवाखाना तोवर बंद झालेला. पोरगी झोपली, आणि हे दोघं कुशी बदलत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरीने पिचकारी पाहिली आणि दात आवळले. आचाऱ्याने तिला मांडीत धरलं, बायकोने हात धरले, आत्याने पाय धरले. तिघं मोठी माणसं आणि चिमणीएवढं पोर. औषध गेलं, पण रडून रडून तिचा श्वास लागला आणि पंप द्यावा लागला. ती शांत झाली, चार चमचे दूध प्यायली, त्यावर बराच वेळ गेला. आचाऱ्याला वाटलं, सुटलो. तेवढ्यात ती उठून बसली, पोट धरलं आणि दूध बाहेर आलं.

"बास!" बायको म्हणाली. "अहो, ताप परवडला, पण हे नको. पोरीच्या पोटात पाणी ठरत नाहीये. बंद करू हे औषध."

"आणि छातीत उतरलं तर?"

"आणि पोटात काहीच राहिलं नाही तर?"

या दोन प्रश्नांमध्ये आचारी दिवसभर फेऱ्या मारत राहिला. बायकोचं खोटं नव्हतं. त्याचंही खोटं नव्हतं. औषध द्यावं तर पोरगी ओकते, न द्यावं तर मागची थंडी डोळ्यांपुढे उभी राहते. खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून मोरीपर्यंत तो इतक्या वेळा गेला, की आत्या म्हणाली, "बाळ्या, एका जागी बस रे, मला गरगरायला लागलंय."

तो बसला नाही. त्याला युक्ती सुचली होती. इतका वेळ कशी सुचली नाही याचंच त्याला नवल वाटलं. पिचकारी, धरपकड, रडारड कशाला? सगळ्या जगाला भोपळा खाऊ घालणाऱ्या माणसाला एका पोरीच्या पोटात एवढंसं औषध घालता येऊ नये?

संध्याकाळी त्याने दूध तापवलं, कोमट केलं, त्यात कोको आणि सढळ हाताने साखर घातली, व्हॅनिलाचा थेंब टाकला, आणि बायकोची पाठ वळलेली पाहून औषध त्यात मिसळलं. वास घेतला. औषधाचा वास गायब! त्याने मनातल्या मनात मिशीवरून हात फिरवला. भिंगरीचा आवडता पेला होता, कडेला सशाचे कान असलेला. त्या पेल्यात भरून तो पलंगाशी गेला.

"माझी राणी, बघ काय आणलंय."

भिंगरीने पेल्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "यात औषध आहे?"

"छे! औषध कुठलं? चॉकलेटचं दूध आहे."

पोरीने त्याच्यावर विश्वास ठेवला. ही गोष्ट पुढे त्याला फार टोचली. विश्वास ठेवून तिने पेला दोन्ही हातांनी धरला आणि मोठा घोट घेतला, मग दुसरा. तिसऱ्या घोटाला ती थांबली. जीभ तोंडात फिरवली. तिचे डोळे हळूहळू मोठे झाले.

"बाबा, यात कडू आहे."

"कडू कुठलं? कोकोच असतो तसा थोडा. पी, पी."

तिने आणखी एक घोट घेतला, केवळ तो म्हणाला म्हणून. मग ओकारी आली. दूध, कोको, साखर आणि औषध उशीवर, त्याच्या सदऱ्यावर, सशाच्या कानांवर पसरलं. पेल्यात निम्म्याहून जास्त दूध तसंच होतं. पोटात किती गेलं, बाहेर किती आलं, कशाचा कशाला मेळ नाही.

"तू खोटं बोललास," भिंगरी म्हणाली. ती रडलीसुद्धा नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

आणि मग तिने संपच पुकारला. बायको पाणी घेऊन गेली तर विचारलं, "हे बाबाने दिलंय?" पाणी नको. आत्याने केळं आणलं तर सोललेलं नको. आचाऱ्याने साधी साखर आणली तर तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. घरात जे जे बाबाच्या हाताला लागलं असेल ते ते सगळं तिच्या लेखी विष. संध्याकाळ सरली. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. बायकोने हलकेच विचारलं, "शू कधी केलीस गं?" तर भिंगरीने मान हलवली. दुपारपासून केलीच नव्हती.

आचाऱ्याची पाचावर धारण बसली. शेकडो लोकांना जेवू घालणारा माणूस, आणि स्वतःची पोरगी त्याच्या हातचं पाणी पीत नव्हती.

"तुम्ही दुधात घातलंत?" बायकोने विचारलं. तिला आत्ता कळलं होतं. "मला न सांगता?"

"तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावरून तिला कळलं असतं."

"न सांगता तिला कळलंच की!"

बायकोने फोन उचलला आणि डॉक्टरीणबाईंना लावला. काल दवाखाना बंद म्हणून त्यांनी फोन केला नव्हता, आज लाज सोडली. डॉक्टरीणबाईंनी फोन लगेच उचलला. बायकोने आवाज मोठा करून फोन मधे धरला.

डॉक्टरीणबाईंनी आधी औषधाचं विचारलंच नाही. "श्वास कसा आहे? भरभर चाललाय का? छाती आत ओढली जातेय? ओठ निळे? नीट जागी आहे, ओळखतेय, बोलतेय?"

"बोलतेय," आचारी म्हणाला. "मला खोटारडा म्हणतेय."

"मग शुद्धीवर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्याला हसू आलं नाही, आत्याला आलं. "आता ऐका. या औषधाने लहान मुलांना मळमळ होते, उलट्या होतात, हे मी तुम्हाला काल सांगितलं होतं."

आचाऱ्याने मान खाली घातली. ते फोनमधून दिसत नाही, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

"बहुतेकांना पहिले एक-दोन दिवसच. मग पोट सवयीचं होतं. शिवाय फ्लूनेही उलट्या होतात, सगळा दोष औषधाचा नसतो. रिकाम्या पोटी दिलंत का?"

आचाऱ्याने आत्याकडे पाहिलं. आत्या पंख्याकडे पाहू लागली.

"आधी थोडं खायला द्यायचं, मग औषध. दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तोच डोस पुन्हा द्यायचा. त्याच्यानंतर झाली तर पुन्हा द्यायचा नाही, पुढच्या वेळेची वाट बघायची. आत्ता दुधातून किती गेलं ते कुणालाच माहीत नाही, म्हणून आत्ता परत देऊ नका. अंदाजाने तर मुळीच नाही. एकदम सकाळी. मोठ्या पेल्यात कधी मिसळायचं नाही, मूल निम्मं टाकतं आणि डोस निम्मा होतो. एका चमच्यात बसेल एवढ्याच गोड पदार्थात. आणि स्वतःच्या मनाने बंद करू नका, तिला दमा आहे."

"पण डॉक्टर, पाणीसुद्धा पीत नाहीये," बायको म्हणाली.

"आत्ताचं काम तेच. औषध सकाळचं, पाणी आत्ताचं. क्षारसंजीवनीचं पाकीट असेल ना? पाकिटावर लिहिलंय तेवढ्या पाण्यात करा. पेला हातात देऊ नका. एक चमचा, मग दोन-चार मिनिटं थांबा, मग एक चमचा. तेही ठरलं नाही, शू झालीच नाही, गळून जायला लागली, बरळायला लागली किंवा श्वास बिघडला, तर मला विचारत बसू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या."

फोन ठेवला. घरात कामं वाटली गेली आणि आचाऱ्याच्या वाट्याला काहीच आलं नाही. बायकोने पाकीट आणलं आणि भिंगरीच्या डोळ्यांसमोर फोडलं. पाणी तिच्यासमोर मोजलं, तिच्यासमोर ढवळलं.

"आधी बाबाने प्यायचं," भिंगरी म्हणाली.

आचाऱ्याने वेगळा चमचा घेतला आणि प्यायला. खारट-गोड, कोमट, आचाऱ्याच्या दृष्टीने साफ फसलेला पदार्थ. त्याने चमचा उलटा करून दाखवला. पोरीने त्याच्या घशाकडे टक लावून पाहिलं, गिळलंय का ते बघायला. मग तोंड उघडलं, आईच्या हातून घ्यायला.

एक चमचा. थांबायचं. ते थांबणं म्हणजे शिक्षा होती. आचारी घड्याळाकडे बघायचा, पोरीच्या पोटाकडे बघायचा, बादलीकडे बघायचा. पुन्हा एक चमचा. प्रत्येक वेळी आधी त्याने प्यायचा. मधे एकदा तिला उमासा आला तेव्हा सगळ्यांचे श्वास अडकले. काही आलं नाही. बायकोने जरा जास्त थांबून पुन्हा सुरुवात केली. वाटीतलं पाणी कणाकणाने उतरत गेलं. झोपायच्या आधी भिंगरी म्हणाली, "शू."

इतकी आनंदाची बातमी त्या घरात बऱ्याच दिवसांत आली नव्हती. आत्याने तर देवाला हात जोडले.

पण जीव अजून टांगणीलाच होता. सकाळ यायची होती, आणि सकाळबरोबर डोस.

सकाळी बायको बाटलीकडे बघत उभी राहिली. "आत्ता कुठे पाणी ठरलंय. पुन्हा तेच झालं तर? अहो, ही एक वेळ सोडू या का?"

त्याचंही मन तेच म्हणत होतं. एक वेळ सोडली तर काय बिघडतं? मग दुसरी सोडायची. मग छाती वाजायला लागली की म्हणायचं, सोडायला नको होतं. तो ओट्याशी गेला आणि बाटली हातात धरून उभा राहिला. तेव्हा त्याला एक गोष्ट आठवली, आणि कानशिलं तापली. त्याने हे औषध एकदाही चाखलं नव्हतं. वीस वर्षं आचारी. मीठ बघितल्याशिवाय एक वाटी बाहेर गेली नव्हती, पोऱ्यांना तो त्यावरून शिव्या घालायचा. आणि स्वतःच्या पोरीपुढे न चाखता पेला ठेवला, वास घेतला की झालं म्हणून!

त्याने एक थेंब जिभेवर घेतला. आधी गोड, फळाच्या गोळीसारखं. बरं आहे की, असं वाटेपर्यंत मागून, जिभेच्या पार तळाशी, कडू उगवलं. आणि ते जाईना. साखरेने ते झाकलं जात नव्हतं, फक्त उशिरा कळत होतं. म्हणजे काल त्याने केलं काय? चमचाभर कडू घेऊन पेलाभर कडू केलं, आणि पोरीला म्हणाला, पी.

तो बाहेर आला आणि पलंगाशी जमिनीवर बसला. सगळं सामान त्याने पोरीसमोर मांडलं. न सोललेलं केळं, जॅमची बंद बाटली, पिचकारी, एक मोठा चमचा, पाण्याची वाटी. शेजारी बादली, उघड्यावर, लपवाछपवी नाही.

"केळं तू सोल," तो म्हणाला.

भिंगरीने संशयाने केळं चहूबाजूंनी पाहिलं. सोललं. अर्धं खाल्लं, हळूहळू. बायको दारात उभी राहून साडीचा पदर बोटाला गुंडाळत होती. आत्या जिन्यावर थांबली होती, आत यायचं तिचं धाडस होत नव्हतं.

"आता काय?" भिंगरीने विचारलं.

"आता औषध."

तिचे दात आवळले गेले.

"ऐक. मी चाखलंय. आधी गोड लागतं, नि कडू मागून येतं. जॅम लावला तरी येतं. पोटात ढवळेलसुद्धा थोडं. उलटी आली तर ये बापडी, ही बादली. मी रागावणार नाही, आणि तुला कुणी धरणार नाही."

"मग कशाला देतोस?"

"मागे तुला नळी लावली होती ना, नाकाला? तसं परत होऊ नये म्हणून. मला तेव्हा फार भीती वाटली होती. आत्ताही वाटतेय."

भिंगरीने त्याच्याकडे पाहिलं. बाबाला भीती वाटते, ही तिच्यासाठी नवी बातमी होती. तिच्यासमोर त्याने खुणेपर्यंत औषध मोजलं, चमच्यातल्या घट्ट जॅममध्ये सोडलं, ढवळलं. चमचा पुढे केला.

"यात औषध आहे?" तिने विचारलं. समोर घालताना बघितलं होतं, तरी विचारलं.

"हो," तो म्हणाला. "आहे."

तिने तोंड उघडलं.

चमचा रिकामा झाला. कडू मागून आलं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. त्याने लगेच नुसत्या जॅमचं बोट पुढे केलं आणि वर दोन घोट पाणी. मग सुरू झाला तो अर्धा तास. पोरगी उशीला टेकून बसलेली, पडू द्यायची नाही. आचारी उठला, बसला, खिडकीशी गेला, परत आला. "मळमळतंय," ती म्हणाली. बायकोने कपाळावर ओला रुमाल ठेवला. "हळू श्वास घे." ढेकर आला. सगळे दचकले. आत्या जिन्यावरून म्हणाली, "काय झालं?" "ढेकर, ढेकर!" बायको ओरडली. अर्धा तास उलटून चांगला वेळ झाल्यावर मात्र तोंडभर उलटी झालीच, केळ्याची. बायकोचा हात आपसूक बाटलीकडे गेला.

"नाही," आचारी म्हणाला. "वेळ होऊन गेलीय. आता संध्याकाळी."

"नक्की?"

"या वेळी कान लावून ऐकलंय."

संध्याकाळी पुन्हा आधी खाणं, मग चमचा. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा "हो, आहे." मळमळलं, पण आलं काही नाही. दुसऱ्या दिवशी फक्त तोंड वाकडं झालं. त्याच्या पुढच्या दिवशी ताप उतरला आणि तिने पलंगावरून उतरून आत्याचा चष्मा लपवला. आत्याने घर डोक्यावर घेतलं, आणि ते ऐकून आचाऱ्याला इतकं बरं वाटलं की त्याने चष्मा कुठे आहे ते माहीत असून सांगितलं नाही. छाती वाजली नाही. रोज तो तिच्या पाठीला कान लावून ऐकायचा, आणि ती गुदगुल्या होतात म्हणून हसायची. शेवटचा डोस झाला तेव्हा बाटलीत थोडं उरलं होतं. आत्या म्हणाली, "ठेवून दे, पुढच्या वेळी होईल." बायकोने बाटली तिच्यासमोरून उचलली आणि औषधाच्या दुकानात परत देऊन आली, टाकून द्यायला.

कामावर परत जायच्या आदल्या दिवशी आचाऱ्याने दूध कोमट केलं. कोको, साखर, व्हॅनिलाचा थेंब. चमच्याने चाखलं. सशाच्या कानांचा पेला घासून लख्ख केला, भरला, आणि भिंगरीपुढे ठेवला.

भिंगरीने पेल्याला हात लावला नाही. "यात औषध आहे?"

"नाही," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. इतके दिवस तो "हो" म्हणाला होता, आणि त्या "हो"वर तिने दर वेळी तोंड उघडलं होतं. "नाही" तो फक्त एकदाच म्हणाला होता. त्याने पुढे एक अक्षर बोलायचं टाळलं. शपथ घ्यावी, स्वतः पिऊन दाखवावं, सगळं मनात आलं. पण तो तिथेच हात मांडीवर ठेवून बसला.

भिंगरीने पेला उचलला. वास घेतला. मग जिभेचं टोक बुडवलं, कॅन्टीनमध्ये तो स्वतः करतो अगदी तसं. आणि थांबली. गोड लागलं होतं, ते तिला कळलं होतं. पण कडू मागून येतं, हेही तिला त्यानेच शिकवलं होतं. ती जीभ टाळूला लावून, डोळे त्याच्यावर रोखून वाट बघत बसली.

आचारीही वाट बघत बसला. दुधात काही नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी त्याचे तळहात ओले झाले. ते बादलीशेजारचे अर्धे-अर्धे तास याच्यापुढे काहीच नव्हते.

"नाहीये," शेवटी भिंगरी म्हणाली, आणि दोन्ही हातांनी पेला धरून प्यायला लागली.